मळीच्या वाट्याला किती खर्च?

साखर कारखान्याच्या गव्हाणीत एक टन ऊस पडतो, तेव्हा कारखान्याने एकच वस्तू विकत घेतलेली असते. काही तासांनी मात्र हाती चार वस्तू असतात : साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमड. उसाचे बिल एक, गाळपाचा खर्च एक, आणि माल चार प्रकारचा. मग एक किलो साखरेला खर्च किती आला आणि एक किलो मळीला किती, हे ठरवायचे कसे?

हिशेबनीसांना हा प्रश्न अनेक उद्योगांत पडतो. कच्चे तेल शुद्ध करताना फक्त पेट्रोल काढू म्हटले तर जमत नाही; डिझेल, केरोसीन, गॅस हे सारे सोबत येतेच. दूध यंत्रात घातले की मलई आणि स्किम दूध दोन्ही बाहेर पडतात. पण हा हिशेब महाराष्ट्रात जितक्या घरांपर्यंत पोचतो तितका क्वचितच कुठे पोचत असेल, कारण इथे कारखान्याचा सभासद आणि ऊस घालणारा शेतकरी बहुतेक वेळा एकच असतो. म्हणून हा विषय साखर कारखान्यातूनच समजून घेणे सोयीचे.

वाटा फुटतात कुठे

उसाची मोळी कटर आणि श्रेडरमधून जाऊन मिलच्या रोलरांखाली पिळली जाते. इथेच पहिली वाट फुटते. रस एकीकडे जातो, चिपाडाचा भुस्सा म्हणजे बगॅस दुसरीकडे. एका टनाला साधारण २८० किलो बगॅस निघतो, पण त्यात निम्मे पाणीच असते. त्यातला बराचसा कारखान्याच्याच बॉयलरमध्ये जळतो आणि थोडा उरतो.

रस तापवून त्यात चुन्याची निवळी आणि गंधकाचा वायू सोडतात. गाळ खाली बसतो. तो फिल्टरवर गाळून जे उरते ते प्रेसमड, टनाला ३० ते ४० किलो. ही दुसरी वाट. निवळलेला रस बाष्पकांत आटवून घट्ट पाक होतो आणि तो पाक निर्वात पॅनमध्ये शिजवला की साखरेचे दाणे धरू लागतात.

तिसरी वाट सर्वांत महत्त्वाची. दाणे आणि चिकट द्रव यांचे मिश्रण सेंट्रीफ्युगल यंत्राच्या जाळीदार टोपलीत पडते. टोपली प्रचंड वेगाने फिरते, काळपट द्रव जाळीतून बाहेर फेकला जातो आणि दाणे आत भिंतीला चिकटून राहतात. बाहेर गेलेला द्रव म्हणजे मळी. तिच्यात अजून साखर असते, म्हणून ती पुन्हा पॅनमध्ये शिजवतात. दुसऱ्या फेरीनंतर उरते ती बी हेवी मळी आणि तिसऱ्या फेरीनंतर उरते ती सी हेवी. सी हेवीतून आणखी साखर काढणे परवडत नाही.

ज्या ठिकाणी वस्तू वेगळ्या ओळखू येऊ लागतात, त्याला परिव्ययशास्त्रात विभाजन बिंदू म्हणतात. त्याच्या आधीचा सगळा खर्च सामाईक असतो. त्यानंतरचा खर्च मात्र ज्याचा त्याच्या नावावर टाकता येतो : साखरेच्या पोत्याचा साखरेवर, डिस्टिलरीतल्या वाफेचा इथेनॉलवर. अडचण असते ती फक्त आधीच्या खर्चाची. मिलच्या रोलरला आपण साखरेसाठी फिरतो आहोत की मळीसाठी, हे सांगता येत नाही. त्यामुळे सामाईक खर्चाची वाटणी मोजून सापडत नाही. ती कुठल्या तरी पायावर ठरवावी लागते.

मुख्य कोण, दुय्यम कोण

वाटणीपूर्वी एक निवड करावी लागते. ज्या वस्तूंना विक्रीत भरीव वाटा असतो आणि ज्या मिळाव्यात म्हणून प्रक्रिया चालवली जाते, त्या संयुक्त उत्पादने. जी ओघाने मिळते आणि जिची किंमत तुलनेने किरकोळ असते, ती उपउत्पादन. कारखान्यांत तिला उपपदार्थ म्हणतात.

ही रेषा वजनावरून ओढता येत नाही. बगॅस वजनाने साखरेच्या अडीचपट भरतो, तरी तो उपपदार्थच. ती कायमची आखलेलीही नसते. खनिज तेलाच्या सुरुवातीच्या काळात शुद्धीकरण कारखाने दिव्याच्या केरोसीनसाठी चालत आणि पेट्रोल ही नकोशी वस्तू होती. मोटारी आल्या आणि क्रम उलटला. मळीचा प्रवासही तसाच झाला. एके काळी तिची विल्हेवाट कशी लावायची ही कारखान्यांची डोकेदुखी होती. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण आले, तेल कंपन्या जाहीर दराने इथेनॉल घेऊ लागल्या, आणि बरेच कारखाने थोडी साखर मुद्दाम मळीत सोडू लागले. तिसरी उकळी न घेता बी हेवी मळीच डिस्टिलरीकडे पाठवायची, हा त्यातला एक मार्ग.

इथे हिशेबाचे चित्र बदलते. साखर कमी करून मळी ‘घडवली’ जात असेल, तर तिला ओघाने आलेली वस्तू म्हणणे अवघड जाते.

एका टनाचा हिशेब

हे आकड्यांत पाहू. पुढचा कारखाना उदाहरणापुरता धरलेला आहे. इथेनॉलचे दर तेवढे खरे आहेत. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,४०० रुपये होती. उतारा ११ टक्के असेल तर ती सुमारे ३,६५० रुपये होते. गाळपाचा व इतर प्रक्रियेचा खर्च टनाला ७५० रुपये धरू. म्हणजे विभाजन बिंदूपर्यंतचा सामाईक खर्च ४,४०० रुपये.

कारखाना बी हेवीच्या वाटेने जातो. ११० ऐवजी ९५ किलो साखर निघते आणि ६५ किलो बी हेवी मळी. साखरेचा दर किलोला ३८ रुपये धरला तर ३,६१० रुपये आले. मळीपासून सुमारे २० लिटर इथेनॉल होते. बी हेवी इथेनॉलचा दर लिटरला ६० रुपये ७३ पैसे, म्हणजे १,२१५ रुपये. डिस्टिलरीचा खर्च लिटरला ६ रुपये धरून १२० वजा केले की १,०९५ रुपये उरतात. ही मळीची निव्वळ किंमत. उरलेला बगॅस आणि प्रेसमड विकून १७० रुपये मिळाले असे समजू.

बगॅस आणि प्रेसमड हे निर्विवाद उपपदार्थ. त्यांच्यावर खर्च वाटायचा नाही; त्यांचे १७० रुपये सामाईक खर्चातून वजा करायचे. उरले ४,२३० रुपये. हे साखर आणि मळीत वाटायचे आहेत.

पहिली रीत वजनाची. साखर ९५ किलो, मळी ६५ किलो, एकूण १६० किलो. किलोला सुमारे २६ रुपये ४४ पैसे. साखरेच्या वाट्याला २,५१२ रुपये आले आणि मळीच्या वाट्याला १,७१८. साखरेत १,०९८ रुपयांचा नफा दिसतो आणि मळीत ६२३ रुपयांचा तोटा.

दुसरी रीत बाजारमूल्याची. साखर ३,६१० आणि मळी १,०९५, एकूण ४,७०५. त्यात साखरेचा हिस्सा सुमारे ७६.७ टक्के. मग साखरेवर ३,२४६ रुपये पडतात, मळीवर ९८४. नफा साखरेत ३६४ रुपये, मळीत १११.

तिसरी रीत मळीलाही उपपदार्थच मानण्याची. तिचे १,०९५ रुपये सरळ वजा करायचे आणि उरलेला ३,१३५ रुपयांचा सारा खर्च साखरेवर टाकायचा. नफा साखरेत ४७५ रुपये, मळीत शून्य.

आता तिन्ही रीतींची बेरीज पाहा. १,०९८ वजा ६२३ बरोबर ४७५. ३६४ अधिक १११ बरोबर ४७५. तिसरीत तर ४७५ आहेतच. खर्च कसाही वाटला तरी टनामागे कारखान्याच्या हाती तेवढेच पैसे राहतात.

कागदावरचा तोटा

धोका सुरू होतो तो वस्तूनिहाय नफ्याचा तक्ता संचालक मंडळासमोर गेल्यावर. वजनाच्या रीतीचा तक्ता म्हणतो की मळीत टनाला ६२३ रुपये तोटा आहे. तो खरा मानून कोणी ‘डिस्टिलरी बंद करा’ असा ठराव केला तर काय होईल? ऊस गाळला की मळी निघणारच. तिच्या नावावर टाकलेले १,७१८ रुपये वाचणार नाहीत. ते साखरेवर येऊन बसतील. हातचे मात्र १,०९५ रुपये जातील. हा तोटा कागदावरच्या वाटणीतून आलेला असतो.

असा तोटा ओळखण्याची खूण सोपी आहे. एखादी वस्तू वर्षानुवर्षे तोट्यात दिसत असेल आणि तिला स्वतंत्रपणे लागणारा खर्च तिच्या विक्रीपेक्षा कमी असेल, तर दोष बहुधा वाटणीच्या पायात असतो.

बाजारमूल्याची रीत या सापळ्यातून वाचवते, पण तिची मर्यादा वेगळी आहे. वरच्या उदाहरणात साखर आणि मळी दोहोंवर नफ्याचे प्रमाण अगदी सारखे, १०.१ टक्के, येते. हा योगायोग नाही. खर्चच किमतीच्या प्रमाणात वाटल्यावर प्रत्येक वस्तू सारखीच फायदेशीर दिसणार. त्यामुळे कोणती वस्तू अधिक किफायतशीर आहे, या प्रश्नाला ही रीत उत्तर देऊ शकत नाही. शिवाय दर बदलला की खर्चही बदललेला दिसतो, मिलमध्ये काहीही बदललेले नसताना.

बी हेवी की सी हेवी

मग तिसरी उकळी घ्यावी की न घ्यावी, हे ठरवताना कोणता खर्च पाहायचा? वाटलेला सामाईक खर्च तर मुळीच नाही. ऊस तोच, मिल तीच, ४,४०० रुपये दोन्हीकडे तेच. पाहायचा तो दोन वाटांमधला फरक.

सी हेवीच्या वाटेने गेल्यास १५ किलो साखर जास्त मिळते. ३८ रुपये दराने ५७० रुपये. मळी मात्र ४५ किलोच उरते आणि तिच्यापासून सुमारे १० लिटर इथेनॉल होते. सी हेवी इथेनॉलचा २०२४-२५ चा दर ५७ रुपये ९७ पैसे. डिस्टिलरीचा खर्च वजा जाता सुमारे ५२० रुपये हाती येतात. बी हेवीने मळीचे १,०९५ रुपये मिळत होते, म्हणजे ५७५ जास्त. ५७० गमावून ५७५ मिळवले. टनाला पाच रुपयांचा फरक.

साखर ४० रुपयांवर गेली तर १५ किलोचे ६०० रुपये होतात आणि सी हेवी २५ रुपयांनी बरी ठरते. ३५ रुपयांवर आली तर बी हेवी ५० रुपयांनी सरस. तिसऱ्या उकळीची वाफ आणि वेळ वाचतो, तेवढी बी हेवीची बाजू आणखी जड होते. निर्णयाचा काटा एकट्या साखरेच्या दरावर असा इकडून तिकडे जातो, आणि मळीला खर्च वजनाने वाटला की किमतीने, याचा त्यावर काडीचाही परिणाम होत नाही.

अर्थात ही निवड नेहमी कारखान्याच्या हाती नसते. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचे उत्पादन घटण्याच्या भीतीने केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. एका आदेशाने कारखान्यांची हंगामाची गणिते बदलली.

मग वाटायचाच कशाला?

एकूण नफा बदलत नाही आणि निर्णयालाही उपयोग नाही, तर खर्च वाटण्याचा खटाटोप का? कारण हंगामातला सगळा माल वर्षअखेरीपर्यंत विकला जात नाही. ३१ मार्चला गोदामे साखरेने भरलेली असतात. इथेनॉलचे टँकर बऱ्याच अंशी गेलेले असतात. ताळेबंदात ती शिल्लक साखर कोणत्या दराने दाखवायची?

वरच्या तीन रीतींनी एक किलो साखरेचा खर्च अनुक्रमे २६ रुपये ४४ पैसे, ३४ रुपये १६ पैसे आणि ३३ रुपये येतो. गोदामात एक लाख क्विंटल साखर असेल, तर पहिल्या आणि दुसऱ्या रीतीतला फरक सात कोटी ७२ लाख रुपयांचा होतो. पोती तीच आणि मालही तोच, पण त्या वर्षाचा नफा तेवढ्याने कमी किंवा जास्त दिसतो. पुढच्या वर्षी साखर विकली की तो फरक उलट दिशेने बाहेर येतो. म्हणूनच एखाद्या वर्षी गुपचूप रीत बदलली, तर तोट्यातला कारखाना नफ्यात दाखवता येतो.

हे टाळण्यासाठी लेखा मानकांनी चौकट घालून दिली आहे. कंपन्यांना लागू असलेले ‘इंड एएस २’ सांगते की संयुक्त उत्पादनांवरचा खर्च तर्कसंगत आणि सातत्य असलेल्या पायावर वाटावा, आणि उदाहरण म्हणून सापेक्ष विक्रीमूल्याचा पाया सुचवते. किरकोळ उपउत्पादनांचे निव्वळ विक्रीमूल्य मुख्य वस्तूच्या खर्चातून वजा करावे, असेही त्यात आहे. परिव्यय लेखापालांच्या संस्थेचे ‘कॅस १९’ हे मानक तर याच विषयावर, म्हणजे संयुक्त खर्चावर आहे. एकच योग्य रीत कोणतेही मानक सांगत नाही. मानके आग्रह धरतात तो सातत्याचा : एकदा धरलेला पाया कारणाशिवाय सोडायचा नाही आणि सोडला तर तसे उघड सांगायचे.

मळीचा भाव आणि उसाचे बिल

महाराष्ट्रात या हिशेबाला आणखी एक टोक आहे. सी. रंगराजन समितीने २०१२ साली असे सूत्र मांडले की साखर आणि मळी, बगॅस, प्रेसमड या उपपदार्थांच्या मूल्याचा ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाला मिळावा. फक्त साखर धरली तर ७५ टक्के. महाराष्ट्राने २०१३ साली ऊस दर विनियमनाचा कायदा करून ही महसूल विभागणी स्वीकारली. एफआरपी ही किमान रक्कम. ७०-३० च्या हिशेबाने त्याहून जास्त येत असेल, तर वरचा फरक शेतकऱ्याला द्यायचा.

इथे खर्चाची नव्हे, मिळकतीची वाटणी आहे. पण अडचण त्याच विभाजन बिंदूवर येते. कारखान्याची स्वतःची डिस्टिलरी असेल तर मळी बाजारात जातच नाही. ती एका विभागाकडून दुसऱ्या विभागाकडे जाते आणि तिचा भाव वहीत लिहिला जातो. तो भाव किती लावायचा?

आपल्याच उदाहरणात समजा साखर ४५ रुपये किलो झाली. ९५ किलोचे ४,२७५ रुपये. मळी इथेनॉलच्या निव्वळ किमतीप्रमाणे १,०९५ रुपयांना धरली आणि बगॅस-प्रेसमडचे १७० मिळवले, तर एकूण ५,५४० रुपये. त्याचे ७० टक्के ३,८७८. एफआरपी ३,६५० आहे, म्हणजे शेतकऱ्याचे टनाला २२८ रुपये वर निघतात. आता तीच मळी डिस्टिलरीला किलोला १० रुपयांनी, म्हणजे ६५० रुपयांना दिली असे वहीत लिहा. बेरीज ५,०९५, तिचे ७० टक्के सुमारे ३,५६६. हे एफआरपीच्या आत आहे. शेतकऱ्याला वरचा एक रुपयाही नाही. ऊस, साखर, इथेनॉल यांत फरक नाही; फरक फक्त वहीतल्या एका दराचा.

डिस्टिलरी उभारण्याची गुंतवणूक आणि जोखीम कारखान्याची असते, त्यामुळे इथेनॉलमधला सगळा लाभ मळीच्या भावात धरावा असे म्हणता येणार नाही, ही कारखान्यांची बाजू रास्त आहे. उपपदार्थांपासून पुढे होणाऱ्या इथेनॉल आणि विजेच्या उत्पन्नातही वाटा मिळावा, ही शेतकरी संघटनांची मागणीही त्याच मळीतून येते. दोन्ही बाजूंचा खरा वाद मळीला विभाजन बिंदूवर किती किंमत होती, या एका आकड्याचा आहे.

सहकारी कारखान्याच्या सभासदाच्या हाती वार्षिक सभेपूर्वी अहवाल येतो. त्यात तीन गोष्टी जरूर शोधाव्यात : शिल्लक साखरेचे मूल्यांकन कोणत्या पायावर केले, तो पाया गेल्या वर्षीचाच आहे का, आणि मळी व बगॅस स्वतःच्या डिस्टिलरीला आणि वीज प्रकल्पाला कोणत्या दराने दिले. ही माहिती टिपणांत नसेल, तर ती सभेत लेखी मागावी. सभासदाचा तो हक्क आहे, आणि उसाचे बिल बरोबर आहे की नाही हे त्याशिवाय कळणार नाही.